पदराआडचं रक्त

नामगुंग ह्योसनच्या छातीत कळ आली तेव्हा त्या जेवणाच्या खोलीत पाच हृदयरोगतज्ज्ञ बसले होते, आणि पाचांपैकी एकानेही ते दुखणं हृदयाचं मानलं नाही.

बापाच्या सत्तरीचं जेवण होतं. दक्षिण कोरियातल्या दायगू शहरातल्या जुन्या, महागड्या हॉटेलातली आतली खोली. बैठी टेबलं, त्यांवर कच्च्या माशांची ताटं, सोया सॉसमध्ये शिजवलेल्या बैलाच्या बरगड्या. प्राध्यापक नामगुंगांचे जुने विद्यार्थी रांगेने येऊन त्यांच्या पेल्यात दारू ओतत होते, आणि स्वतः पिताना तोंड बाजूला वळवत होते. मोठ्यांपुढे तसंच प्यायचं असतं. या माणसाने अर्ध्या शहराच्या हृदयात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळ्या, बसवले होते. तो निवृत्त झाला होता, पण त्याचा दरारा निवृत्त झाला नव्हता.

ह्योसन छत्तीस वर्षांची. मेडिकलला तिसऱ्या वर्षापर्यंत गेली आणि एक दिवस घरी न सांगता नाव काढून आली. आता नव्या इमारतींमधून वॉलपेपर लावते. दिवसभर फळीवर उभं राहून, मान मागे टाकून छताला कागद चिकटवायचा. हात चांगला होता तिचा. तिने लावलेल्या कागदाचा सांधा शोधून सापडत नसे. बापाने तिचं काम एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"ही आमची एकुलती एक," प्राध्यापकांनी नव्या पाहुण्याला ओळख करून दिली. "मी लोकांच्या धमन्या उघडत आलो, ही लोकांच्या भिंती झाकते."

खोली हसली. नेहमीप्रमाणे ह्योसननेही मान खाली घालायची, एवढंच अपेक्षित होतं. तिने घातली नाही.

"झाकते, पण घरमालकाला विचारून. तुमच्यासारखी दुसऱ्याच्या घरात शिरून खिळे ठोकत नाही."

कुणाच्या तरी हातातली जेवायची काडी ताटात पडली. प्राध्यापकांनी पेला खाली ठेवला. "तुझ्या वयाची माणसं या खोलीत विभागप्रमुख आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज हळू झाला की घर घाबरत असे. "आणि तू अंगाला खळ फासून माझ्या पंगतीला येतेस. जनाची नाही तर मनाची तरी?"

"मनाची आहे म्हणूनच आले. आईने रडून बोलावलं. नाहीतर तुमची सत्तरी काय नि साठी काय, मला दोन्ही सारखंच."

एवढं बोलून ती उठायला गेली आणि उठवेना. छातीच्या मधोमध कुणी पाटा ठेवून वर बसावं तसं झालं. ओझं वर जबड्यात चढलं, डाव्या हातात उतरलं. कपाळावर गार घाम फुटला. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

डॉ. योम, सध्याचे विभागप्रमुख, अर्धवट उठले. "सर, एक ईसीजी काढून घेऊ या का..."

"बस खाली, योम." प्राध्यापकांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "सिगरेट नाही, साखर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉल तुझ्यापेक्षा चांगलं. मासिक पाळी अजून चालू. ही कुठल्या कोपऱ्यातून हृदयाची पेशंट दिसते तुला? लहानपणापासून वाद हरली की हिच्या पोटात दुखतं."

योम बसले. बाकीचे चौघे तर उठलेच नव्हते.

आईने तिला बाजूच्या खोलीत नेलं. अपचनावरचा जुना घरगुती उपाय म्हणून अंगठ्याला दोरा घट्ट बांधला आणि पर्समधल्या सुईने नखापाशी टोचलं. गडद रक्ताचा थेंब आला. "बघ, काळंच आलं. अपचन आहे गं. आता मोकळं वाटेल." ह्योसनला मोकळं वाटलं नाही. तिने आईच्या हातातून अंगठा सोडवून घेतला, जोडे पायात अडकवले आणि बाहेर येऊन टॅक्सीला हात केला.

ती गेली ती बापाच्याच जुन्या हॉस्पिटलात. टॅक्सीवाल्याने जवळचं म्हणून तिथेच सोडलं. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर बापाचा फोटो. त्याच्याखालून तिला चाकांच्या खुर्चीवरून ढकलत नेलं.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने तिचं बोलणं ऐकून घेतलं, ईसीजीच्या पट्टीवर नजर टाकली आणि विचारलं, "मनावर काही ताण वगैरे? हल्ली पॅनिक अटॅक खूप येतात तुमच्या वयाच्या बायकांना."

"ताण आहेच. त्याने जबडा दुखतो का?"

त्याने तिचं रक्त तपासायला पाठवलं. हृदयाचे स्नायू दुखावले की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. पहिल्या तपासणीत ते वाढलेलं होतं, दुसऱ्या तपासणीत आणखी चढलं. मग मात्र धावपळ झाली आणि डॉ. बांग हे-जू खाली आल्या.

डॉ. बांगना सत्तरीच्या जेवणाचं आमंत्रण नव्हतं. आखूड केस, तुटक बोलणं, तोंडावर गोडवा नाही. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारायला सुरुवात केली. "अलीकडे बाळंतपण? हार्मोनच्या गोळ्या? जड ओझं उचललंत?"

"ओझं रोजच उचलते."

"आज कुणाशी भांडण झालं?"

"बापाशी."

"कशावरून?"

"बाप असल्यावरून."

बांगनी पहिल्यांदा पेशंटचं आडनाव वाचलं. ते आडनाव शहरात फार घरांचं नव्हतं. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली आणि गेली. "अँजिओग्राफी करायची," त्या म्हणाल्या. "आत्ता. तुम्ही जाग्या राहाल. जे दिसेल ते मी सांगेन, गोड करून सांगणार नाही."

"गोड करून सांगणारे सगळे जेवायला गेलेत," ह्योसन म्हणाली.

कॅथलॅबमध्ये थंडी होती. मनगट बधिर करून बारीक नळी आत गेली. डोक्यावर यंत्र फिरत होतं आणि बाजूच्या पडद्यावर तिचं स्वतःचं हृदय काळ्या फांद्यांसारखं उमटत होतं. दोन फांद्या भरघोस होत्या. तिसरी, हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी, अर्ध्या वाटेपर्यंत नीट आली आणि तिथून पुढे दोऱ्यासारखी बारीक झाली. एका जागी आवळलेली नव्हती, लांबच लांब, एकसारखी बारीक.

बांगनी धमनीत नायट्रोग्लिसरीन सोडलं. आकुंचन असेल तर त्याने सुटतं. त्या थांबल्या, पुन्हा चित्र घेतलं. दोरा दोराच राहिला.

"हेपॅरिन बंद करा," त्या नर्सला म्हणाल्या. रक्त पातळ करणारं औषध ते. मग ह्योसनच्या डोक्याशी आल्या. "ऐका. हा हार्ट अटॅकच आहे. पण म्हाताऱ्या पुरुषांना येतो तो नव्हे. त्यात धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साठतो, एक दिवस तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बुजते. तुमच्या धमन्यांत चरबीचा ठिपका नाही. तुमच्यात भिंतच आतल्या आत सुटलीये. धमनीला पदर असतात. दोन पदरांच्या मध्ये रक्त शिरलंय, साचलंय आणि आतल्या पदराला ढकलून वाट चेपतंय. अडथळा वाटेत नाही, भिंतीत आहे."

"माझ्या वयाला?"

"तुमच्याच वयाला. तुमच्यासारख्या धडधाकट बायकांना. लोक दुर्मीळ म्हणतात, कारण कुणी शोधतच नाही. काम काय करता?"

"वॉलपेपर लावते."

"मग तुम्हाला सोपं जाईल. कागदाखाली पाण्याचा फुगा राहिला की..."

"मला माझा धंदा शिकवू नका. कळलं."

तेवढ्यात छतातल्या स्पीकरमधून आवाज आला आणि ह्योसनच्या अंगावर काटा आला. "बांग. स्टेंट उघडला का?"

काचेपलीकडच्या खोलीत प्राध्यापक नामगुंग उभे होते, जेवणाच्या सुटात. हॉस्पिटलातून कुणीतरी फोन केला असणार. त्यांच्यामागे डॉ. योम, टाय सैल झालेला.

"स्टेंट घालायचा नाही, सर," बांग काचेकडे न वळता म्हणाल्या.

"पुढच्या धमनीत नव्वद टक्के अडथळा आहे. तुला दिसत नाही की वाचता येत नाही?"

"दिसतंय म्हणून नाही म्हणतेय. भिंतीतलं रक्त आहे. स्टेंट फुगवून ते दाबलं तर जाणार कुठे? वर आणि खाली सरकणार. वर सरकलं तर मुख्य धमनीच्या तोंडाशी. तार आत घालताना पदरांमधल्या खोट्या पोकळीत शिरली तर राहिलेली वाटही बंद. टोकापर्यंत रक्त पोचतंय, बीपी ठीक आहे, दुखणं कमी होतंय. सोडून द्यायचं. बहुतेक वेळा हे आपोआप भरून येतं."

"सोडून द्यायचं!" काचेपलीकडून हसण्याचा आवाज आला, पण त्यात हसू नव्हतं. "चाळीस वर्षं मी हृदयाचं काम केलं, बंद धमनी बघून हात बांधून बसायचं हे औषध मला कुणी शिकवलं नाही. योम, हात धू. ही बाजूला होईल."

योम दारातून आत आले. बांग टेबलापासून हलल्या नाहीत. "तुम्ही प्रमुख आहात, सर. तुम्ही म्हणालात तर मी बाजूला होते. पण मग जाळी तुम्ही घाला, आणि वर सरकलं की सर्जनला फोनही तुम्हीच करा."

ह्योसन दोघांकडे खालून बघत होती. तिच्या मनगटातून नळी थेट हृदयापर्यंत गेलेली होती आणि तिच्याविषयी बोलताना तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

"मला कुणी विचारणार आहे का?" ती म्हणाली.

"तू गप्प पडून राहा," स्पीकर म्हणाला.

"पडलेलीच आहे. डॉक्टर बांग, घातला नाही तर काय होईल? खरं सांगा."

"पहिल्या आठवड्यात फाट वाढू शकते. सगळ्यांची वाढत नाही, काहींची वाढते. म्हणून तुम्हाला इथेच ठेवणार. रक्त पूर्ण अडलं किंवा बीपी कोसळलं तर मग मीच घालीन, कुणाला विचारणार नाही. पण तोवर नाही. आणि घातलाच, आणि नंतर भिंतीतलं रक्त जिरलं, तर धमनी पुन्हा रुंद होते आणि जाळी आत सैल राहते. मग तिच्यावर गुठळ्या."

"नको मला," ह्योसन म्हणाली. "डॉक्टर योम, ऐकलंत? मी शुद्धीत आहे. मघाशी हॉटेलात तुम्ही उठलात आणि बसलात. आता निदान उभे राहा."

योमांचा चेहरा पडला. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आजचा दिवस थांबू," ते पुटपुटले.

स्पीकर कर्रकन बंद झाला.

तिला हृदयाच्या अतिदक्षता विभागात हलवलं. बीपी आणि नाडी खाली ठेवणारी औषधं सुरू झाली. पलंगावरून उतरायचं नाही, जोर करायचा नाही, शौचालासुद्धा जोर नको. आई भाताची पेज घेऊन आली आणि चमचा तिच्या तोंडाशी धरून रडत बसली.

"मी सुई टोचली गं. माझ्या हाताने टोचली."

"तू निदान काहीतरी टोचलंस. बाकीच्यांनी शब्द टोचले."

"त्यांना असं बोलू नको. ते रात्रभर झोपले नाहीत."

"आई, तू पेज दे आणि जा. त्यांचा वकील म्हणून आली असशील तर पेजही घेऊन जा."

आई गेली नाही. तिने चमचा पुन्हा पुढे केला.

डॉ. बांग रोज येत, ईसीजी बघत, दोन वाक्यं बोलून जात. विभागात वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते ह्योसनला नर्सच्या तोंडावरून कळत होतं. प्राध्यापकांनी डीनला फोन केला. प्राध्यापकांनी सोलच्या कुणा मोठ्या डॉक्टरला चित्रं दाखवली. बांगला 'ती हट्टी बाई' म्हणतात. हे सगळं ती पांघरुणाखालून ऐकत असे आणि नाडीचा आकडा पडद्यावर हळूच वर चढत असे.

मग एका दुपारी बाप स्वतः आला. अंगात पांढरा कोट. निवृत्त माणसाला कोट घालायचं काही कारण नव्हतं, पण दारावर कुणी अडवलं नाही.

"योमशी बोललोय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "उद्या सकाळी स्टेंट. तो स्वतः घालणार. आता नाटक नको."

"मी मेल्यावर घाला. तेव्हा मी काही बोलणार नाही."

"जीभ बघ. मरायला टेकलीस तरी जीभ बघ!" तो पलंगाशी आला. "हे कशाने झालं माहितीये? त्या फळीने. दिवसभर हात वर करून मजुरासारखं छताशी झटायचं. माझ्या घरात डॉक्टर व्हायची सोय असताना भिंतीला खळ लावायची. तुझं हृदय तू स्वतः फाडलंस."

"कशाने फाटलं ते मला माहिती नाही. तुम्हालाही नाही. पण फाटलं तेव्हा तुम्ही दोन हातांवर होतात आणि म्हणालात, बस खाली, योम."

त्याचा हात उठला. मारायला की पलंगाची कड धरायला, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. "तू माझ्या पोटी..." तो बोलत होता, आई मध्ये येऊन त्याला मागे ढकलत होती, आणि ह्योसनच्या छातीवर पुन्हा तो पाटा येऊन बसला. या वेळी जास्त जड. यंत्र किंचाळायला लागलं.

"बाबांना बाहेर काढा," एवढंच तिला म्हणता आलं.

दुसऱ्यांदा कॅथलॅब. तीच थंडी. बांग आणि योम दोघेही टेबलाशी होते. पडद्यावर काळ्या फांद्या उमटल्या. दोरा वर चढला होता. पूर्वी धमनी जिथे धडधाकट होती तिथेही आता ती चेपली होती, आणि चेपलेला भाग मुख्य फाट्याच्या जवळ आला होता.

"सर्जनना तयार राहायला सांगा," बांग म्हणाल्या. आवाज तोच, पण कपाळावर घाम होता. "दुखणं कमी करायला मॉर्फिन. बीपी अजून खाली आणा, हळू."

"आता तरी!" स्पीकर फाटत होता. "आता तरी घाल! वाढली ना? तुझ्या हट्टाने वाढली! योम, तिच्या हातातून घे. तार दे त्याला!"

योमांनी हात पुढे केला. नर्सने तारेचं पाकीट धरलं होतं, अर्धं फाडलेलं.

ह्योसनला बोलायचं होतं, पण छातीतून श्वासच वर येत नव्हता. तिला योमांचा हात दिसत होता. तो पाकिटापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

योम वळून काचेपलीकडच्या खोलीत गेले. दार लागलं. पण तिकडचा माइक बटण दाबलेलाच राहिला होता. बोलणं छतातून खाली पडत होतं.

"सर, तुम्ही घरी जा."

"काय?"

"ती शाळेत शिकवणारी पेशंट आठवते? बाळंतीण होती. अशीच लांब, बारीक धमनी. तेव्हा तुम्ही टेबलावर होतात, मी तुमच्या हाताखाली. एक स्टेंट घातला, रक्त खाली सरकलं. दुसरा घातला, वर सरकलं. तिसरा, चौथा. शेवटी मुख्य धमनीपर्यंत लोखंड. तुम्ही म्हणालात, बाईची धमनीच ठिसूळ होती."

"होतीच ठिसूळ!"

"ठिसूळ होती म्हणूनच हात लावायचा नव्हता, सर! तिची छाती फाडून बायपास करावी लागली. त्यानंतर ती जिना चढू शकली नाही. तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. मघाशी हात पुढे केला तो मी नाही केला, तो तुमच्या भीतीने केला."

"तुला प्रमुख कुणी केलं रे?"

"तुम्हीच. आता प्रमुख म्हणून सांगतोय. बाहेर व्हा. नाहीतर सुरक्षारक्षकाला बोलावतो."

इकडे नर्सने अर्धं फाडलेलं पाकीट हळूच ट्रेमध्ये ठेवलं. योम परत आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"डॉक्टर बांग," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

"अजून टोकापर्यंत पोचतंय," बांग पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "हळू, पण पोचतंय. थांबायचं. रक्त अडलं की घालू. नाहीतर नाही."

हे थांबणं ह्योसनला पुढे कितीदा तरी स्वप्नात आलं. तीन माणसं हात वर धरून उभी, आणि तिच्या छातीवर पाटा. औषध शिरेतून चढत होतं. बांग मधूनमधून विचारत, "दहापैकी किती दुखतंय?" ती आकडा सांगे. आधी तो उतरेना. एकदा वाढलासुद्धा, आणि बांगनी नर्सकडे पाहून मान हलवली, तारेकडे हात नेला. मग आकडा एका जागी थबकला. मग उतरू लागला. पडद्यावरच्या रेघा हळूहळू आपल्या जागी बसू लागल्या.

"नळी काढा," बांग म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढून ट्रेमध्ये टाकले. ह्योसनकडे वाकून म्हणाल्या, "आजपासून तुमच्या खोलीत तुमचा बाप येणार नाही. हे औषध समजा. तेवढंच महत्त्वाचं."

बाप आला नाही. म्हणजे आला, काचेपर्यंत. कोट नव्हता. तो रोज येई, काही वेळ उभा राही आणि आईजवळ निरोप ठेवून जाई: नाडी किती, युरीन किती, नायट्रेट चालू आहे का. आई निरोप सांगायला लागली की ह्योसन भिंतीकडे तोंड करी. त्याने बांगविरुद्ध हॉस्पिटलकडे तक्रारही केली. चौकशी बसली, योमांनी साक्ष दिली, तक्रार फेटाळली गेली. एवढं होऊनही त्याने बांगची क्षमा मागितली नाही, आणि बांगनाही ती नको होती.

घरी जायच्या आधी बांगनी मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांचं स्कॅन केलं. मूत्रपिंडाची एक धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसत होती, जाड-बारीक, जाड-बारीक. "पुष्कळांमध्ये हे जोडीने सापडतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या धमन्यांची वीणच अशी आहे. फळीने केलं नाही, खळीने केलं नाही. भांडणाने ठिणगी पडली असेल, पण दारूगोळा आधीपासून होता. गरोदर राहायचं मनात आलं तर आधी माझ्याकडे यायचं. जड वजन उचलायचं नाही. श्वास रोखून जोर लावायचा नाही."

"छताचं काम?"

"काही महिने नाही. नंतर बघू. भिंती चालतील."

ह्योसन जिच्याबरोबर काम करायची ती ओकसिलताई घ्यायला आली होती. पन्नाशीची, दणकट, तोंडाची फटकळ. तिने सामान उचललं आणि म्हणाली, "छत मी करीन. तू खाली बसून खळ कालव नि मला शिव्या घाल. शिव्यांना डॉक्टरबाईंची मनाई आहे का?"

"त्याही श्वास न रोखता," बांग म्हणाल्या. त्यांचं हसू ह्योसनने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शरदात गिंको झाडांची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा तिचं तपासणीचं सीटी स्कॅन झालं. बांगनी पडद्यावर धमनी उलगडली. वरच्या फाट्यापासून टोकापर्यंत ती भरदार होती. जिथे दोरा होता तिथे आता सांधासुद्धा दिसत नव्हता. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा एक लहानसा तुकडा जरा सुस्त राहिला होता, तेवढीच खूण.

ह्योसनने धमनीवरून नजर वरपासून टोकापर्यंत नेली. "लोखंड नाही," ती म्हणाली.

"नाही."

उघड्या दारातून दिसेल असा बाहेर बाकावर बाप बसला होता. कुणी सांगितलं असेल, आईनेच. तो उठला. सत्तरीच्या जेवणात दिसला होता त्यापेक्षा बराच बारीक वाटत होता. पण हनुवटी तशीच वर.

"सीटी झालं?" त्याने बांगना विचारलं, लेकीला नाही. "दाखव."

बांगनी ह्योसनकडे पाहिलं. "पेशंट म्हणेल तसं."

"मी बाप आहे. शिवाय या शहरात ते चित्र माझ्याइतकं नीट कोण वाचणार? दाखव म्हणतो ना."

योम त्याच वेळी वॉर्डातून येत होते. तेही थांबले.

"नाही," ह्योसन म्हणाली.

"ह्योसन."

"भरून आलीये, बाबा. तेवढं पुरे तुम्हाला. बघायची नाही."

"नशिबाने आली भरून," तो म्हणाला. आवाज हळू झाला होता. घर ज्याला घाबरायचं, तोच. "नशिबाने. दहातल्या एखादीसारखं तुझं झालं असतं तर..."

"झालं असतं. तेव्हा तुम्ही म्हणाला असतात, धमनीच ठिसूळ होती."

त्याचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग त्याने योमांकडे पाहिलं, योमांनी मान वळवली. बांगकडे पाहिलं, बांगनी पडदा बंद केला. ज्यांना ज्यांना त्याने पडद्यावरच्या काळ्या फांद्या वाचायला शिकवलं होतं त्यांच्यातला एकही पुढे झाला नाही.

"आईला सांगा, रविवारी मी येणार नाही," ह्योसन म्हणाली. "तिला यायचं असेल तर माझ्या खोलीवर येऊ दे. एकटीला."

ती जिन्याकडे वळली. बाहेर पडायचं दार दोन मजले वर होतं. लिफ्ट होती, पण बांगनी रोज दोन मजले चढायला सांगितलं होतं. मागून त्याने पुन्हा एकदा हाक मारली. तिने कठड्यावर हात ठेवला, श्वास मोकळा सोडला आणि पायरी चढली.